अनिश्चित कमाई, निश्चित हप्ता : जोखीम कोणाच्या खांद्यावर?

व्याज हराम आहे, हे आपल्या घरांतील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु व्याज कोणत्या ठिकाणी अन्यायाचे रूप घेते, हे विचारले तर मोठी माणसेही 'जास्तीचे पैसे घेणे म्हणजे व्याज' एवढे सांगून थांबतात. हे उत्तर अपुरे आहे, कारण व्यापारीही जास्तीचे पैसे घेतोच. आज शहराशहरांतून पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून दारोदार जेवण व सामान पोहोचवणारे आपले हजारो तरुण ज्या प्रश्नासमोर उभे आहेत, त्याचे उत्तर या अपुऱ्या व्याख्येत सापडत नाही. त्यांचा प्रश्न साधा आहे : रोजची कमाई ठरलेली नाही, पण गाडीशिवाय कमाईच नाही. मग गाडी घ्यावी कशी?

जुमाच्या नमाजनंतर हा प्रश्न घेऊन येणारा तरुण बहुधा फक्त 'जायज की नाजायज' एवढेच ऐकू इच्छितो. त्या उत्तरापूर्वी एक हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण शरीअतच्या आदेशामागील हिकमत या हिशेबातच स्पष्ट दिसते.

एका महिन्याचा हिशेब

उदाहरणादाखल पुण्यासारख्या शहरातील एक विवाहित तरुण डोळ्यांसमोर आणू. तो महिन्याचे २६ दिवस काम करतो. १२ दिवस ऑर्डरी भरपूर मिळतात व इन्सेंटिव्हचे लक्ष्य पूर्ण होते. त्या दिवशी हातात ११०० रुपये पडतात. ९ दिवस मध्यम जातात, ८०० रुपयांचे. उरलेले ५ दिवस मंदीचे, ४५० रुपयांचे. एकूण जमा २२,६५० रुपये. अॅपवर दिसणारा हा आकडा पाहूनच शोरूममधला फायनान्सवाला म्हणतो, "तुम्हाला हप्ता सहज झेपेल, भाई."

पण ही जमा म्हणजे मिळकत नव्हे. रोज नव्वद किलोमीटर गाडी पळते. दोन लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे २१० रुपये. महिन्याचे साडेपाच हजार तिथेच गेले. जी गाडी महिन्याला सव्वादोन हजार किलोमीटरहून अधिक धावते, तिचे ऑइल, ब्रेक शू, चेन आणि टायर घरगुती गाडीच्या कितीतरी आधी संपतात; त्यासाठी १३०० रुपये बाजूला काढावेच लागतात. मोबाइलचे २०० धरले तर कामाचाच खर्च ७००० रुपये होतो. उरलेल्या १५,६५० रुपयांतून घरभाडे, किराणा, दूध, वीजबिल, मुलांची शाळा व औषधपाणी यांना अत्यंत काटकसरीने १२,००० रुपये लागले, तर हातात ३६५० रुपये शिल्लक राहतात.

हा झाला चांगला महिना. आता ज्या महिन्यात ताप येतो, पाय मुरगळतो, गाडी गॅरेजात पडते किंवा काही कारणाने आयडी बंद होते, तो महिना घ्या. केवळ पाच मध्यम दिवस बुडाले, तर प्रत्येक दिवसाचे पेट्रोल वजा जाता ५९० रुपये, म्हणजे २९५० रुपये जातात आणि शिल्लक ७०० वर येते. वर्षात असे चार महिने धरणे अतिशयोक्ती नव्हे. आठ चांगले व चार वाईट महिने एकत्र केले, तर वर्षाची सरासरी शिल्लक महिन्याला २६६७ रुपये पडते. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. आपण साधारणतः चांगल्या महिन्याकडे पाहून निर्णय घेतो. कर्ज मात्र बाराही महिने फेडावे लागते.

शोरूममधील सौदा

गाडी रस्त्यावर येईपर्यंत १,००,००० रुपये लागतात असे धरू. तरुणाने साठवलेले २०,००० डाऊन पेमेंट दिले, ८०,००० कर्ज घेतले. दर सांगितला जातो ११ टक्के, मुदत तीन वर्षे. हा दर 'फ्लॅट' आहे हे एखाद्या शब्दात उरकले जाते. फ्लॅट म्हणजे पूर्ण ८०,००० रुपयांवर तिन्ही वर्षे सारखेच व्याज : वर्षाला ८८००, तीन वर्षांत २६,४००. एकूण परतफेड १,०६,४०० आणि मासिक हप्ता २९५६ रुपये. वस्तुतः दर महिन्याला मुद्दल फिटत असते. दीड वर्षानंतर त्याचा मोठा भाग परत गेलेला असतो, तरी व्याज मूळच्या ८०,००० वरच आकारले जाते. शिल्लक राहिलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर सुमारे साडेएकोणीस टक्के निघतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा नव्या कर्जांत बँका व वित्तसंस्थांनी सर्व खर्चांसह खरा वार्षिक दर एका मुख्य तथ्य पत्रकात लिहून देणे बंधनकारक आहे. ज्याला कोणताही सौदा समजून घ्यायचा आहे, त्याने ते पत्रक मागून वाचावे.

आता दोन आकडे शेजारी ठेवू. चांगल्या महिन्यात शिल्लक ३६५०, हप्ता २९५६ : जेमतेम सातशे उरतात आणि वाटते की जमले. परंतु वर्षाची सरासरी २६६७ आहे. म्हणजे हप्ता सरासरीहून २८९ रुपयांनी जास्त. तरुणाने एकही रुपया वायफळ खर्च केला नाही, एकही सुटी चैनीसाठी घेतली नाही, तरी वर्षाकाठी सुमारे ३५०० रुपये कमी पडणारच. ही तूट आळसातून आलेली नाही, ती सौद्यातच दडलेली होती. शिवाय ती सारखी वाटून येत नाही. वाईट महिन्यात एकदम २२५६ रुपयांचे भगदाड पडते. पाच तारखेला खात्यात पैसे नसतात, हप्ता बाउन्स होतो, वित्तसंस्था दंड लावते आणि बँकही आपले शुल्क कापते. आजाराने ज्याची पाच दिवसांची मजुरी बुडाली, त्याच्याकडून आजारी पडल्याबद्दल आणखी एका दिवसाची मजुरी वसूल होते.

व्यापारही व्याजासारखाच नाही का?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. कोणी म्हणेल, वित्तसंस्थेने ८०,००० चे एक लाख सहा हजार घेतले हे व्याज. पण दुकानदाराने लाखाची गाडी उधारीवर सव्वा लाखाला विकली तर तुम्ही तिला व्यापार म्हणता. गरिबाच्या खिशातून जाणारे पैसे तर सारखेच! हा आक्षेप नवा नाही. व्यापार हा व्याजासारखाच आहे, असे म्हणणाऱ्यांचा उल्लेख दिव्य कुरआनच्या सूरह बकरामध्ये आला आहे आणि अल्लाहने व्यापार हलाल व व्याज हराम केल्याचे उत्तरही तिथेच आहे. मोमिनासाठी आदेश पुरेसा आहे. तरीही फुकहांनी या दोहोंतील फरक उलगडून दाखवला आहे आणि आपल्या उदाहरणात तो सर्वांत ठळकपणे दिसतो.

पहिला फरक मालकीचा. विक्रेता वस्तूचा मालक होतो, ती त्याच्या ताब्यात येते, आणि विकेपर्यंत ती चोरीला गेली, जळाली वा बिघडली तर नुकसान त्याचे असते. फिकहचे एक मान्य तत्त्व असे की, लाभाचा हक्क जोखमीच्या जबाबदारीबरोबर येतो. कर्ज देणारा गाडीची कोणतीही जोखीम घेत नाही. गाडी दुसऱ्या दिवशी चोरीला गेली तरी त्याचे मुद्दल व व्याज जागच्या जागी राहते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. चारही मसलकांच्या बहुसंख्य फुकहांच्या मते उधारीची किंमत रोखीपेक्षा जास्त ठेवणे जायज आहे. अट ही की सौदा होताना एकच किंमत ठरली पाहिजे. ती एकदा ठरली की ती गाडीची किंमत झाली. तारीख उलटली, महिना उलटला, तरी ती एका रुपयानेही वाढू शकत नाही. कर्जात मात्र वेळ हीच विकली जाणारी वस्तू असते. इस्लामपूर्व अरबस्तानातील व्याजाची जी पद्धत तफसीरकारांनी वर्णिली आहे, तिचा गाभा हाच होता : मुदत संपली की सावकार दारात येई आणि फेड किंवा रक्कम वाढव, असे दोनच पर्याय ठेवी. बाउन्सचा दंड आणि थकबाकीवर चढत राहणारे व्याज हे त्याच प्रश्नाचे आजचे रूप आहे.

ज्याचा पगार एक तारखेला न चुकता जमा होतो, त्याला हा दुसरा फरक कदाचित कधीच जाणवणार नाही. त्याच्यासाठी दोन्ही सौदे कागदावर सारखे दिसतील. परंतु ज्याची कमाई पावसावर, तब्येतीवर आणि अॅपच्या लहरीवर हेलकावते, त्याच्यासाठी सगळा प्रश्न उशीर झाल्यावर काय होते, हाच आहे. म्हणूनच कुरआनने व्याजाच्या मनाईपाठोपाठ, त्याच सूरहमध्ये, अडचणीतील ऋणकोला त्याची स्थिती सुधारेपर्यंत मुदत देण्याची आज्ञा केली आहे आणि माफ करणे त्याहून श्रेष्ठ ठरवले आहे. मुदत देणे हा तिथे धनकोचा व्यवसाय नाही. ते त्याचे कर्तव्य आहे.

देशाच्या कायद्यानेही या दिशेने एक पाऊल टाकले आहे, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या निर्देशांनुसार, २०२४ पासून हप्ता चुकल्याचा दंड हा दंडात्मक व्याज म्हणून व्याजदरात मिसळता येत नाही व त्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करण्यासही मनाई आहे. या नियमांनी अन्यायाची धार बोथट होते. मूळ रचना मात्र तीच राहते.

पेलणारा सौदा कसा असावा?

आता पर्यायाकडे वळू. समजा मोहल्ल्यातील एखादी बिनव्याजी संस्था, किंवा चार सधन भाऊ एकत्र येऊन, याच तरुणाला गाडी विकण्याचे ठरवतात. पहिली सुधारणा गाडीच्या निवडीत हवी. सरासरी शिल्लक २६६७ असताना नवी गाडी कोणत्याही पद्धतीने जड जाईल. हलाल सौदाही न पेलणारा असू शकतो. म्हणून ५५,००० रुपयांची चांगल्या स्थितीतील सेकंडहँड गाडी पाहिली. संस्थेने ती प्रत्यक्ष विकत घेतली, ताब्यात घेतली आणि मग तरुणाला ६०,००० रुपयांस विकली. आपल्याला किती किमतीत पडली आणि नफा ५००० आहे, हे त्याला सांगितले. असा सौदा म्हणजे मुराबहा. २०,००० त्याने रोख दिले, ४०,००० उरले. ते दर आठवड्याला ४०० प्रमाणे १०० आठवड्यांत द्यायचे. अॅपचे पैसे आठवड्याला जमा होतात, म्हणून हप्ताही आठवड्याचा. महिनाभर सांभाळून ठेवायचा मोठा हप्ता नको.

हे पेलते का? महिन्याला सुमारे १७३३ रुपये होतात. जुन्या गाडीची दुरुस्ती ५०० रुपयांनी अधिक धरू. मग सरासरी शिल्लक २१६७ राहते आणि हप्ता देऊन ४३३ उरतात. चांगल्या महिन्यात १४०० हून अधिक शिल्लक, वाईट महिन्यात दीड हजारांची तूट. आठ महिन्यांची शिल्लक चार महिन्यांची तूट भरून काढते आणि वर्षाअखेर पाच हजार हाती राहतात. धोका एकच : पहिलेच दोन महिने वाईट निघाले तर? त्यासाठी गाडी घेण्यापूर्वी तीन हजार रुपये वेगळे ठेवावेत आणि त्यांना इतर कामासाठी हात लावू नये.

या सौद्यात तीन ठिकाणी चूक होण्याचा संभव असतो. पहिली, संस्था गाडी न घेताच रोख रक्कम तरुणाच्या हातात ठेवते आणि वाढवून परत घेते. कागदावर मुराबहा लिहिले तरी ते व्याजच होय. ओळखण्याची खूण सोपी आहे : विक्रीपूर्वी ती गाडी चोरीला गेली असती तर नुकसान कोणाचे झाले असते? उत्तर 'तरुणाचे' असेल तर तो व्यापार नव्हे.

दुसरी चूक दयाळूपणातून होते. 'जमेल तेव्हा दे' असे म्हणून गाडी विकली जाते. उधार विक्रीत मुदत माहीत असणे आवश्यक आहे. अज्ञात मुदत वादाला जन्म देते व सौदा बिघडवते. म्हणून रक्कम, हप्ता व शेवटची तारीख लिहिलीच पाहिजे. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची सूचना कुरआनने सविस्तर दिली आहे. सवलत ही सौद्याची अट म्हणून न घालता, विक्रेत्याने स्वतंत्रपणे वचन म्हणून द्यावी : ज्या आठवड्यात अॅपवरील जमा ३५०० रुपयांहून कमी असेल, त्या आठवड्याचा हप्ता मी शेवटी ढकलेन, रक्कम वाढवणार नाही. चांगल्या आठवड्याची जमा पाच हजारांच्या वर जाते, त्यामुळे हा आकडा अडचण आणि टाळाटाळ यांतील भेद स्पष्ट दाखवतो. पूर्वी कोणाची अडचण खरी, हे ओळखणे अवघड होते. आज अॅपचा साप्ताहिक हिशेब दोघांसमोर उघडा ठेवता येतो.

तिसरी चूक तरुणाकडून होते. कर्ज आपल्याच माणसाचे, दंड नाही, मग काय घाई, असे मन म्हणू लागते. ऐपत असताना देणे टाळणे हा जुलूम आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. कर्ज ठेवून मरण पावलेल्या माणसाच्या जनाजाची नमाज पढवण्यास प्रेषित (स.) थांबले आणि हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतल्यावरच नमाज पढवली, हा प्रसंग हदीसमध्ये आहे. सवलत देणाऱ्याला जितका सवाब, तितकीच सवलत घेणाऱ्यावर जबाबदारी. चांगल्या आठवड्यात चारशे ऐवजी सहाशे भरणारा तरुण पुढच्या गरजू भावासाठी संस्थेचे दार उघडे ठेवतो. दंड नाही म्हणून टाळणारा ते दार बंद करतो.

जिथे अशी संस्था नाही

बहुतेक वस्त्यांत अशी संस्था नाही, हे वास्तव आहे. तिथे काही मार्ग उरतात. जो या कामात नवा आहे व वर्षभर टिकेल की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने आठवड्याच्या भाड्याने गाडी घ्यावी. भाड्यात गाडीच्या मालकीची जोखीम मालकाकडे राहते आणि काम सोडले तर मागे हप्ते राहत नाहीत; मात्र मोठी दुरुस्ती कोणी करायची आणि गाडी बंद पडल्यास त्या दिवसांचे भाडे लागेल का, हे आधी लिहून घ्यावे. घरातील माणसांची बिनव्याजी भिशी हाही जुना मार्ग आहे. आणि नात्यातील ज्यांच्याकडे पैसा पडून आहे, त्यांनी कर्जे हसना देण्याचा विचार करावा. रोजीचे साधन असलेली गाडी ही मूलभूत गरजांत मोडते, त्यामुळे गाडी दारात उभी आहे एवढ्यावरून कर्जात बुडालेला तरुण जकातीस अपात्र ठरत नाही. ऋणको हा तर जकातीच्या आठ हक्कदारांपैकी एक आहे.

जो आधीच व्याजी कर्जात अडकला आहे, त्याने हप्ते बुडवून त्यातून सुटण्याचा प्रयत्न करू नये. घेतलेले मुद्दल हे परक्याचे देणे आहे आणि बुडवल्याने दंडच वाढतो. हप्त्याची तारीख आपल्या जमेच्या दिवसाजवळ आणता येईल का, मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास काय शुल्क पडेल, हे लेखी विचारावे आणि कुटुंबाने मिळून ते लवकर संपवण्याचा प्रयत्न करावा. कर्ज फिटल्यावर ना-हरकत दाखला व फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आर.सी.वरील बोजा उतरवून घ्यावा. अनेक जण हे विसरतात आणि गाडी विकताना अडतात. 'माझा नाइलाज आहे, मला व्याजी कर्ज घेता येईल का?' हा प्रश्न मात्र मासिकातून सुटणारा नाही. नाइलाजाचा दर्जा माणसागणिक बदलतो. आपला संपूर्ण हिशेब, वर मांडला तसा, कागदावर लिहून जवळच्या मुफ्ती साहेबांसमोर ठेवावा. तो हिशेब लिहिताना कित्येकांना आपला नाइलाज गाडीचा नसून नव्या गाडीचा होता, हे आपोआप उमगेल.

गाडी दोन्ही सौद्यांत तीच असते, रस्ताही तोच असतो. फरक एवढाच की एका सौद्यात आजाराचा, पावसाचा व मंदीचा सगळा भार चालवणाऱ्याच्या पाठीवर पडतो आणि दुसऱ्यात तो विकणारा व घेणारा वाटून घेतात. ज्यांच्याकडे वाटून घेण्याची ऐपत आहे, त्यांना अल्लाह ती इच्छा देवो, आणि जे रोज नव्वद किलोमीटर फिरून हलाल घास घरी आणतात, त्यांच्या कष्टांत बरकत देवो. आमीन.